सरळ रेषेला कोपरे पाडणारा अवकलज

प्रतलावर एक अमर्याद आडवी रेषा काढली की प्रतलाचे दोन भाग पडतात. त्यांतल्या वरच्या भागाला गणितात वरचे अर्धप्रतल म्हणतात. त्यातला प्रत्येक बिंदू z = x + iy अशा संमिश्र संख्येने लिहिता येतो; y धन असावा एवढीच अट. या प्रदेशाला एकच कड आहे, ती म्हणजे आडवी रेषा. त्या कडेला कुठेही कोपरा नाही आणि वर प्रदेश अनंतापर्यंत पसरलेला आहे. त्रिकोण किंवा आयत याच्या अगदी उलट असतो. तो आटोपशीर असतो आणि त्याच्या कडेला तीन किंवा चार कोपरे असतात. पहिल्या प्रदेशाचे दुसऱ्यावर असे प्रतिचित्रण करायचे की आतल्या प्रत्येक ठिकाणी दोन रेषांमधला कोन जसाच्या तसा राहील, कुठे घडी पडणार नाही आणि कुठे फाटणार नाही, असा हा प्रश्न आहे.

असे प्रतिचित्रण असतेच, हे बर्नहार्ड रीमान यांनी १८५१ साली ग्योटिंगेन विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात मांडले होते. त्यांचे विधान फार व्यापक होते: भोक नसलेला कोणताही प्रदेश, तो संपूर्ण प्रतल नसेल तर, अशा रीतीने अर्धप्रतलाशी जोडता येतो. पण जोडणारे फलन प्रत्यक्षात कसे लिहायचे, हे त्या विधानातून कळत नव्हते. बहुभुजाकृतींसाठी त्याची कृती दोन जर्मन गणितज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दिली. एल्विन ब्रुनो ख्रिस्तोफेल यांचा लेख १८६७ साली आला, हेर्मान आमांडुस श्वार्झ यांचा १८६९ साली. दोघांच्या कृतीचे मर्म एकच आहे. फलन शोधण्याच्या मागे न लागता त्याचा अवकलज आधी लिहायचा आणि तो कडेवरच्या निवडक बिंदूंशी जोडलेल्या घटकांचा गुणाकार म्हणून लिहायचा.

हे का साधते ते समजण्यासाठी संमिश्र फलनाचा अवकलज काय सांगतो ते पाहावे लागते. f या फलनाने z हा बिंदू w = f(z) येथे नेला, तर z पासून टाकलेले dz हे अगदी लहान पाऊल तिकडे f′(z)·dz एवढे होते. संमिश्र संख्यांचा गुणाकार केला की लांब्यांचा गुणाकार होतो आणि दिशांची बेरीज होते. म्हणून f′(z) ही संख्या एकाच वेळी दोन गोष्टी सांगते: पाऊल किती पट लांबले आणि किती अंशांनी वळले. एका बिंदूपाशी सगळी पावले सारख्याच अंशांनी वळतात, त्यामुळे त्यांच्यामधले कोन बदलत नाहीत. कोन राखले जाण्याचे कारण हेच. त्यासाठी f′(z) शून्य किंवा अनंत नसावा एवढेच लागते.

आता आडव्या रेषेवरून डावीकडून उजवीकडे जाऊ. इथे प्रत्येक पाऊल उजवीकडे, म्हणजे शून्य अंशांच्या दिशेने पडते. तिकडे त्या पावलाची दिशा फक्त f′ च्या दिशेवर ठरते. रेषेच्या एखाद्या तुकड्यावर f′ ची दिशा कायम राहिली, तर त्या तुकड्याचे चित्र सरळ रेषाखंडच असणार. F′ चा आकार कमीजास्त झाला तरी रेषाखंड वाकणार नाही, फक्त त्यावरची चाल मंद किंवा जलद होईल. याचा अर्थ असा की बहुभुजाकृती मिळवायची असेल तर f′ ची दिशा तुकड्यातुकड्याने स्थिर राहायला हवी आणि ठरावीक बिंदूंवर ती एकदम बदलायला हवी.

नेमके हेच काम करणारा सर्वांत साधा घटक म्हणजे (z − a) चा एखादा घात. a हा आडव्या रेषेवरचा बिंदू आहे. रेषेवर a च्या उजवीकडे z − a ही धन संख्या असते, म्हणजे तिची दिशा शून्य अंश. डावीकडे ती ऋण असते, म्हणजे तिची दिशा १८० अंश. a ओलांडताना दिशा १८० वरून एकदम शून्यावर येते आणि त्याआधी वा नंतर ती मुळीच हलत नाही. या संख्येचा −१/२ वा घात घेतला तर दिशेलाही −१/२ ने गुणले जाते: डावीकडे −९० अंश, उजवीकडे शून्य. म्हणजे a ओलांडताना चित्रातला मार्ग डावीकडे ९० अंशांनी वळतो. घातांक −२/३ घेतला तर वळण १२० अंशांचे होते. शेताच्या बांधावरून, शेत डाव्या हाताला ठेवून चालणारा माणूस चौकोनी शेताच्या कोपऱ्यावर ९० अंश वळतो आणि समभुज त्रिकोणी शेताच्या कोपऱ्यावर १२० अंश, तसेच हे आहे. वळण म्हणजे बाह्यकोन. आतला कोन १८० अंशांच्या α पट असेल, तर वळण १८० × (१ − α) अंश होते आणि घटकाचा घातांक α − १ असतो.

असे कितीही घटक एकमेकांना गुणता येतात, कारण गुणाकारात दिशांची बेरीज होते आणि एका घटकाचे वळण दुसऱ्याच्या वळणात ढवळाढवळ करत नाही. त्यातून श्वार्झ-ख्रिस्तोफेल सूत्र मिळते:

f′(z) = A (z − x₁)^(α₁ − 1) (z − x₂)^(α₂ − 1) … (z − xₙ)^(αₙ − 1)

x₁, x₂ वगैरे आडव्या रेषेवरचे बिंदू आहेत आणि त्यांची चित्रे म्हणजे बहुभुजाकृतीचे शिरोबिंदू. A हा स्थिरांक संपूर्ण आकृतीला लहानमोठी करतो आणि फिरवतो. f′ हाती आला की समाकलन करून f मिळतो. समाकलनातला मिळवायचा स्थिरांक आकृती सरकवतो. बांध पूर्ण फिरून मूळ जागी आलेला माणूस एकूण ३६० अंश वळलेला असतो, म्हणून सगळ्या वळणांची बेरीज ३६० अंश भरायला हवी.

त्रिकोणात ही कृती सर्वांत स्वच्छ दिसते. समभुज त्रिकोण घेऊ. तिन्ही कोन ६० अंशांचे, म्हणजे α = १/३ आणि प्रत्येक घातांक −२/३. तीन बिंदूंपैकी एक ० वर, दुसरा १ वर आणि तिसरा अनंतावर ठेवता येतो. अनंतावर ठेवलेल्या बिंदूचा घटक सूत्रात लिहावा लागत नाही. ० आणि १ यांच्यापाशी मिळून २४० अंशांचे वळण होते. उरलेले १२० अंश आडव्या रेषेचे उजवे टोक जिथे डाव्या टोकाला मिळते तिथे, म्हणजे अनंतापाशी आपोआप भरून निघतात. सोयीसाठी (z − 1) ऐवजी (1 − z) लिहिले तर फक्त A बदलतो. म्हणून

f(z) = ∫ t^(−2/3) (1 − t)^(−2/3) dt, समाकलन 0 पासून z पर्यंत.

० ते १ या तुकड्यावर दोन्ही घटक धन आहेत, त्यामुळे f′ ची दिशा शून्य अंश. चित्र ० पासून सुरू होते आणि आडवे उजवीकडे जाते. ती बाजू किती लांब, हे ० ते १ या समाकलाने ठरते. हा समाकल लेओनहार्ड ऑयलर यांच्या काळापासून ओळखीचा आहे. गॅमा फलनाच्या भाषेत त्याची किंमत Γ(1/3)² / Γ(2/3), म्हणजे सुमारे ५.३०. t = 0 आणि t = 1 येथे समाकल्य अनंत होते, तरी क्षेत्रफळ सान्त राहते, कारण घातांक −१ च्या वर आहे. कोपऱ्यापाशी कड ‘फाटत’ का नाही, याचे उत्तर याच अटीत आहे.

१ ओलांडल्यावर मार्ग १२० अंश डावीकडे वळतो आणि १ ते अनंत या अमर्याद तुकड्याचे चित्र वर-डावीकडे जाऊ लागते. इतक्या लांब तुकड्याची बाजू सान्त कशी? मोठ्या t साठी समाकल्य t^(−4/3) सारखे घटते आणि त्याचा अनंतापर्यंतचा समाकल सान्त असतो. शिवाय t = 1/s अशी आदलाबदल केली तर १ ते अनंत हा समाकल अक्षरशः ० ते १ च्या समाकलात बदलतो. म्हणून दुसरी बाजूही ५.३० एवढीच, आणि त्याच पद्धतीने तिसरीही. तिसरा शिरोबिंदू २.६५ आडवे आणि ४.५९ उभे अशा ठिकाणी येतो. अमर्याद अर्धप्रतल ५.३० बाजूच्या त्रिकोणात पूर्ण बसते.

हीच कृती कोणत्याही त्रिकोणाला चालते. ३, ४, ५ बाजूंच्या काटकोन त्रिकोणात कोन ९०, सुमारे ५३.१३ आणि ३६.८७ अंशांचे असतात. पहिला कोन ० वर ठेवला तर घातांक −०.५; दुसरा १ वर ठेवला तर घातांक सुमारे −०.७०५, तिसरा अनंतावर, घटकाशिवाय. एवढे लिहिले की बाजूंचे प्रमाण ३:४:५ येणारच, कारण त्रिकोणाचे कोन ठरले की बाजूंचे प्रमाण ठरते. ०, १ आणि अनंत हे तीन बिंदू मनाप्रमाणे निवडण्याची मोकळीकही अपघाताने मिळालेली नाही. अर्धप्रतल स्वतःवरच कोन राखून अशा प्रकारे सरकवता येते की कडेवरचे कोणतेही तीन बिंदू, त्यांचा क्रम न बदलता, हव्या त्या तीन जागी जातात. ही मोकळीक तीन बिंदूंपुरतीच आहे. चौथ्या बिंदूपासून प्रश्नाचा स्वभाव बदलतो.

आयताला चार कोपरे असतात आणि चारही काटकोन असतात. म्हणून प्रत्येक घटकाचा घातांक −१/२. पण चौरसाचे कोन काटकोन, तसेच लांबट आयताचेही काटकोनच. म्हणजे घातांक सगळ्या आयतांना सारखेच, आणि एक आयत दुसऱ्यापासून वेगळा करण्याचे काम बिंदूंच्या जागांवर येऊन पडते. कोन घातांकांत असतात, लांब्या बिंदूंच्या अंतरांत असतात. सूत्राचा हा दुहेरी स्वभाव त्रिकोणात दिसत नाही, आयतात पहिल्यांदा समोर येतो.

आयत डावी-उजवीकडे सममित असतो, म्हणून चार बिंदू −1/k, −1, 1 आणि 1/k असे घेतात. k ही ० आणि १ यांच्यामधली एक संख्या आहे. सूत्र असे होते:

f(z) = ∫ dt / (√(1 − t²) · √(1 − k²t²)), समाकलन 0 पासून z पर्यंत.

−१ ते १ या तुकड्यावर दोन्ही मुळे धन आहेत, त्यामुळे आयताची खालची बाजू आडवी येते. ० पासून १ पर्यंतच्या समाकलाला K म्हणतात. खालची बाजू −K पासून K पर्यंत, म्हणजे 2K लांब. १ वर मार्ग ९० अंश वळून सरळ वर जातो आणि १ ते 1/k या तुकड्याची उंची K′ होते. 1/k वर पुन्हा ९० अंशांचे वळण आणि मार्ग डावीकडे परततो. या वेळी अनंत हा शिरोबिंदू नाही. मोठ्या t साठी समाकल्य 1/t² सारखे घटते, म्हणून अनंतापर्यंतचे अंतर सान्त राहते आणि अनंत हा बिंदू वरच्या बाजूच्या बरोबर मध्यावर जाऊन बसतो. तिथून मार्ग कोणतेही वळण न घेता −1/k च्या चित्रापर्यंत जातो, तिथे खाली वळतो आणि आयत पूर्ण होतो. K ला पहिल्या प्रकारचा पूर्ण विवृत्तीय समाकल म्हणतात. लेजांद्र यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची विस्तृत कोष्टके तयार केली होती.

आता नेमका चौरस हवा असेल तर K′ = 2K असा k शोधावा लागतो. k शून्याकडे नेला तर आयत उंच होत जातो आणि १ कडे नेला तर आडवा पसरत जातो. मधे उंची-रुंदीचे प्रमाण एकाच दिशेने बदलत राहते, त्यामुळे योग्य k एकच असतो आणि तो दोन्हीकडून आकळत आणून कितीही अचूक काढता येतो. चौरसासाठी त्याची किंमत नेटकी निघते: k = 3 − 2√2, म्हणजे ०.१७१५७; आणि 1/k = ५.८२८४. म्हणजे चौरसाच्या चार कोपऱ्यांचे मूळ बिंदू −५.८२८४, −१, १ आणि ५.८२८४.

याचा पडताळा घेताना एक सापळा आहे. ० ते १ या अंतराचे शंभर सारखे भाग करून, प्रत्येक भागाच्या मध्यावर समाकल्याची किंमत काढून बेरीज केली, तर K सुमारे ०.०४३ ने कमी येतो. दहा हजार भाग केले तरी चूक ०.००४३ एवढी उरते: शंभर पट कष्टाला दहा पटच फळ. दोष सूत्रात नसून १ पाशी अनंत होणाऱ्या घटकात आहे. तो घटक बेरजेला सोपवण्याऐवजी आधीच मिटवला पाहिजे. t = sin θ असे घेतले की √(1 − t²) हे मूळ पूर्ण नाहीसे होते आणि उरते ते असे:

K = ∫ dθ / √(1 − k² sin²θ), 0 ते 90 अंश.

हे समाकल्य कुठेही उसळत नाही. २२.५ आणि ६७.५ अंश अशा दोनच ठिकाणी किंमत काढली तरी १.००२१६ आणि १.०१२८० मिळतात, त्यांची सरासरी १.००७४८, आणि तिला π/2 ने गुणल्यावर K = १.५८२५५. ही किंमत लिहिलेल्या सर्व अंकांपर्यंत बरोबर आहे.

उंची काढायला गाऊस यांची रीत सर्वांत जलद पडते. १ आणि k या दोन संख्या घ्यायच्या. त्यांची सरासरी आणि त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढायचे. मिळालेल्या दोन संख्यांवर पुन्हा तेच करायचे. १ आणि ०.१७१५७ वरून ०.५८५७९ आणि ०.४१४२१ मिळतात, मग ०.५०००० आणि ०.४९२५९, मग ०.४९६२९ आणि ०.४९६२८. दोन्ही संख्या एकत्र येतात ती जागा ०.४९६२८६. π/2 ला तिने भागले की K′ = ३.१६५१० मिळतो. 2K सुद्धा ३.१६५१० आहे. चौरस जुळला.

संगणकाकडून हेच काम करून घेताना दुसरी एक चूक होते आणि ती चित्रात लगेच दिसते. दोन मुळांचा आधी गुणाकार करून एकच वर्गमूळ घेतले, तर अर्धप्रतलाच्या आतच काही ठिकाणी उत्तराचे चिन्ह एकाएकी उलटते. कारण वर्गमूळ काढताना संगणक नेहमी एका ठरावीक बाजूचे मूळ निवडतो, आणि गुणाकाराची दिशा १८० अंश ओलांडते तिथे ही निवड उडी मारते. मग आयतात एक चिरा पडतो आणि काही रेषा भलत्याच दिशेला निघून जातात. उपाय साधा आहे: प्रत्येक घटकाचा घात स्वतंत्रपणे काढायचा आणि z − a ची दिशा ० ते १८० अंशांमध्येच मोजायची. अर्धप्रतलात ती याबाहेर कधी जातच नाही. शेवटी वरच्या बाजूची लांबी वेगळी काढून ती खालच्या बाजूइतकी येते का, हे पाहिले की चिन्हाची आणि समाकलनाची अशा दोन्ही चुका उघड्या पडतात.

या प्रतिचित्रणाचा उपयोग काय, हे ख्रिस्तोफेल यांच्या लेखाच्या विषयातूनच कळते: स्थिर झालेले तापमान. एखाद्या पातळ पत्र्याच्या कडा ठरावीक तापमानाला ठेवल्या आणि पुरेसा वेळ गेला, की आतले तापमान लाप्लास समीकरण पाळते. हे समीकरण कोन राखणाऱ्या प्रतिचित्रणात बदलत नाही. म्हणून अवघड आकाराचा प्रश्न सोप्या आकारावर नेऊन सोडवता येतो आणि उत्तर परत आणता येते. विजेचा प्रवाहही याच समीकरणाने चालतो. समजा, अर्धप्रतलाएवढा अमर्याद, सगळीकडे सारख्या जाडीचा वाहक पत्रा आहे. त्याच्या सरळ कडेवर −५.८२८ ते −१ असा एक धातूचा संपर्क आहे आणि १ ते ५.८२८ असा दुसरा. या दोघांमध्ये रोध किती? पत्र्यातला प्रवाह वाकड्या वाटांनी वाहतो, त्यामुळे थेट मोजणी अवघड. पण प्रतिचित्रणानंतर हे दोन संपर्क चौरसाच्या डाव्या-उजव्या बाजू होतात आणि प्रवाह सरळ आडव्या रेषांनी वाहू लागतो. चौरस तुकड्याचा रोध त्याच्या आकारमानावर अवलंबून नसतो. म्हणून त्या अमर्याद पत्र्याचा रोध त्याच पत्र्यातून कापलेल्या कोणत्याही चौरसाएवढाच. k = 1/√2 घेऊन संपर्क १ ते १.४१४ एवढे आखूड केले, तर आयत रुंदीला उंचीच्या दुप्पट होतो आणि रोधही दुप्पट.

याच हिशेबातून पद्धतीची मर्यादाही समोर येते. आयत लांबट होत गेला की १ आणि 1/k हे बिंदू विलक्षण वेगाने एकमेकांजवळ येतात. रुंदी उंचीच्या दुप्पट असताना त्यांच्यामध्ये ०.४१ एवढे अंतर होते. पाचपट असताना ते सुमारे ०.००३१ राहते, दहापट असताना १ च्या जेमतेम १२ दशलक्षांश भागाच्या दहाव्या हिश्श्याएवढे, म्हणजे ०.०००००१२. पंचवीसपट असताना ते 7 × 10⁻¹⁷ पर्यंत उतरते. संगणकातली नेहमीची संख्या साधारण १६ अंकांची असते. तिला १ आणि 1/k हे दोन बिंदू वेगळे दिसतच नाहीत. आयताची एक अख्खी बाजू गणनेतून नाहीशी होते आणि 1 − k²t² सारखा घटक फक्त गोळाबेरजेची चूक सांगू लागतो.

या गर्दीचे कारण तापमानातच सापडते. दहास एक प्रमाणाच्या पट्टीचे एक आखूड टोक १०० अंशांना ठेवले आणि बाकी सर्व कडा शून्य अंशांना, तर पट्टीच्या मध्यबिंदूचे तापमान फक्त ०.००००२ अंश असते, कारण उष्णता टोकाकडून मध्याकडे येता येता लांब कडांतून निघून जाते. प्रतिचित्रणात तापमान बदलत नाही. अर्धप्रतलातही मध्यबिंदूला त्या टोकाचा तेवढाच क्षीण प्रभाव जाणवला पाहिजे, आणि तसे होण्यासाठी त्या टोकाचा कडेवरचा तुकडा तितकाच इवलासा असावा लागतो. म्हणजे ही गर्दी सूत्राच्या लेखनातली उणीव नाही. लांबट आकाराला अर्धप्रतलाशी जोडण्याचीच ती किंमत आहे. म्हणून लांबट आकारांसाठी अर्धप्रतलाऐवजी अनंत लांबीचा पट्टा मूळ प्रदेश म्हणून घेतात. पट्ट्यावर दोन टोकांमधले अंतर प्रमाणाच्या पटीतच वाढते, घातांकी वेगाने आकुंचन पावत नाही.

दुसरी मर्यादा कोपऱ्यांची. आत सर्वत्र कोन राखले जातात, पण खुद्द शिरोबिंदूंवर नाही. तिथे १८० अंशांचा सरळ कोन ९० किंवा ६० अंशांचा होतो, आणि सूत्रातला घटक अनंत होतो तो त्यासाठीच. अमेरिकन तत्त्वज्ञ आणि गणितज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी १८७९ साली पृथ्वीचा एक चौरस नकाशा प्रसिद्ध केला. त्यात एक गोलार्ध अशाच विवृत्तीय समाकलाने चौरसात बसवलेला आहे. तो नकाशा कोन राखतो, पण विषुववृत्तावरचे चार बिंदू, म्हणजे त्या चौरसाचे चार कोपरे, त्याला अपवाद आहेत. आणि त्यांच्या आसपास प्रमाण फार ताणले जाते. गोलाचे सरळ विषुववृत्त चौरसाच्या कडेत बदलायचे तर हे चार अपवाद टाळता येत नाहीत.

चारहून अधिक बाजूंची आकृती असेल तर एका k ऐवजी अनेक अज्ञात जागा एकदम शोधाव्या लागतात: n शिरोबिंदूंपैकी तीन मनाप्रमाणे ठेवता येतात, उरलेले n − 3 बाजूंच्या प्रमाणांवरून काढावे लागतात. हे काम हाताने जवळजवळ होत नाही. १९८० च्या सुमारास लॉइड एन. ट्रेफेथेन यांनी त्यासाठी SCPACK हा संगणक-संच लिहिला. त्यात प्रत्येक कोपऱ्यापाशी उसळणारा घटक विशेष समाकलन-सूत्राने वेगळा हाताळला जातो; वर t = sin θ ने जे साधले, तेच सर्व घातांकांसाठी. पुढे टोबिन ड्रिस्कॉल यांनी मॅटलॅबसाठी SC Toolbox तयार केली आणि १९९८ साली त्यांनी स्टीफन वावासिस यांच्याबरोबर लांबट आकारांमधल्या गर्दीवर मात करणारी एक रीत मांडली. या सगळ्या साधनांच्या मुळाशी सूत्र तेच आहे. कोन घटकांच्या घातांकांत लिहून ठेवायचे, लांब्यांसाठी बिंदूंच्या जागा शोधायच्या, आणि त्रिकोण असेल तर हे शोधकामही करावे लागत नाही.